दोन कडा आणि मधला काळोख



सरांच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत कोणता विषय घ्यावा, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. गेल्या सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी पाचच्या सुमारास मी गोगाबाबा टेकडीवर होते. पश्चिमेकडे ऊन पडलेले, पूर्वेला हर्सूलच्या बाजूला सर कोसळत असलेली. अशा वेळी जे व्हायला हवे तेच झाले. आधी एक धनुष्य उमटले, ठळक, दोन्ही टोके जमिनीला टेकलेली. दोन-तीन मिनिटांनी त्याच्या वर, बरेच अंतर सोडून, दुसरे उमटले, फिकट आणि रुंद. शेजारी एक आजोबा आपल्या नातीला सांगत होते, ‘ते वरचं खरं नाही बेटा, खालच्याचं प्रतिबिंब आहे. म्हणून तर रंग उलटे दिसतात.’

मी काही बोलले नाही, पण त्या मुलीचा पुढचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ती म्हणाली, ‘मग मधे एवढं काळं का?’

खरोखरच मधे काळे होते. खालच्या धनुष्याच्या आतले आकाश दुधाळ, उजळ होते. वरच्या धनुष्याच्या बाहेरचेही थोडे उजळ होते. दोहोंच्या मधला पट्टा मात्र शिसवी रंगाचा, जणू तिथले ढग वेगळे असावेत. ढग तेच होते, पाऊसही तोच होता. प्रतिबिंबाच्या गोष्टीत हा पट्टा कुठेच बसत नाही, आणि मुलांचे प्रश्न नेमके तिथेच बोट ठेवतात. आज मी त्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. वरचे धनुष्य फिकट का, त्याचे रंग उलटे का आणि मधे काळोख का, हे तीन प्रश्न वेगवेगळे नाहीत. एकाच गोष्टीची ती तीन अंगे आहेत, आणि ती गोष्ट अशी : इंद्रधनुष्य ही पट्टी नसून कडा आहे.

हे मला पहिल्यांदा दाखवले ते सरांनी, त्यांच्या गच्चीवर, एका चंबूतून.

मी नववीत होते. पुस्तकातली आकृती मला पाठ होती. थेंबात किरण शिरतो, वाकतो, मागच्या भिंतीवर आपटतो, परत वाकून बाहेर येतो आणि त्यातून ता-ना-पि-हि-नि-पा-जा. सरांनी विचारले, ‘थेंबावर ऊन सगळीकडे पडतं. तू एकच किरण का काढलास?’ मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतला शंभर मिलिलिटरचा गोल बुडाचा चंबू पाण्याने काठोकाठ भरून घरी आणला.

आधी आम्ही चुकलो, आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याला चंबूएवढे भोक पाडले, त्यातून उन्हाचा झोत चंबूवर सोडला आणि परत येणारा उजेड पुठ्ठ्यावर धरला. रंगीत वर्तुळ उमटले. आनंद झाला. मग मी म्हणाले, दुसरे वर्तुळ कुठे आहे आणि काळा पट्टा कुठे आहे? दुसरे वर्तुळ होते, पण पहिल्याच्या बाहेर नव्हते. ते पहिल्यातच घुसले होते, रंग एकमेकांत मिसळले होते आणि काळा पट्टा नावालाही नव्हता. पुठ्ठा चंबूपासून जेमतेम वीतभर अंतरावर होता. सर म्हणाले, ‘दोन किरण चंबूच्या दोन वेगळ्या बाजूंनी बाहेर पडतात. जवळ धरलंस तर चंबूची जाडीच आड येते. धनुष्य जागेवर नसतं, दिशेत असतं. लांब जा.’ पुढे मी हिशेब केला, तेव्हा कळले की साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या चंबूसाठी पुठ्ठा एक फुटाच्या आत असला तर पट्टा दिसतच नाही. आकाशातला थेंब दोनेक मिलिमीटरचा आणि आपल्यापासून शेकडो मीटर लांब. त्याची जाडी तिथे मोजण्यातही येत नाही.

मग आम्ही पुठ्ठा सोडला आणि डोळाच वापरला. गच्चीत एक बांबू उभा केला, त्याच्या टोकाला कप्पी लावली आणि सुतळीने चंबू टांगला. मागे एक काळी घोंगडी लावली. सूर्य पश्चिमेला उतरलेला. मी त्याच्याकडे पाठ करून चंबूपासून दोन-अडीच मीटरवर उभी राहिले. माझ्या डोक्याची सावली पडते ती दिशा म्हणजे सूर्याच्या बरोबर उलटी दिशा. सगळे कोन तिथून मोजायचे. हात लांब करून वीत धरली तर साधारण वीस अंश, मूठ धरली तर दहा अंश. सर सुतळी हळूहळू ओढत होते आणि मी पाहत होते.

चंबू खाली होता तेव्हा त्याच्या खालच्या अर्ध्या भागात उजेडाचे दोन झगझगीत ठिपके दिसत होते, पांढरे. चंबू वर गेला तसे ते ठिपके एकमेकांकडे सरकू लागले. अगदी जवळ आल्यावर रंग बदलू लागला. पांढऱ्यातून आधी जांभळा-निळा निघून गेला, मग हिरवा, आणि ठिपका पिवळा, नारिंगी झाला. शेवटी दोन्ही मिळून एकच गडद तांबडा ठिपका उरला. सुतळी आणखी बोटभर ओढली आणि तो विझला, दिवा फुंकल्यासारखा. मी दोन विती मोजल्या होत्या, बेचाळीस अंशांच्या आसपास.

सर ओढतच होते. चंबूवर आता फक्त त्याच्या समोरच्या काचेवर उमटलेली सूर्याची बारीकशी तिरीप होती, बाकी काही नाही. चार अंश, सहा अंश, काळोख. आणि मग पन्नास अंशांच्या जरा पुढे, चंबूच्या वरच्या भागात, एक मंद तांबडा ठिपका पेटला. आधीचा विझला तो खालच्या भागात, हा पेटला तो वरच्या. तो नारिंगी झाला, पिवळा झाला, मग दोन ठिपक्यांत फुटला आणि ते दोन्ही पांढरे होत दूर सरकले. पहिल्याचा क्रम बरोबर उलटा.

मग सुतळी मी हातात घेतली आणि तासभर सोडली नाही. चंबू ज्या उंचीवर नेला त्या उंचीवरचा एक पावसाचा थेंब मी पाहत होते. आकाशात असे अगणित थेंब एकाच वेळी सगळ्या उंचींवर असतात, इतकाच फरक.

आता हे ठिपके का जुळतात आणि का विझतात, ते पाहू. थोडी आकडेमोड करणार आहे, पण पैशांत. थेंबाची त्रिज्या एक रुपया धरा. त्याच्या मध्याला येणारा किरण शून्य पैशांवर आणि अगदी कडेला घासून जाणारा शंभर पैशांवर. एकदा आतून परावर्तित होऊन परत येणारा किरण, उलट्या दिशेपासून किती अंशांवर येतो ते मोजायचे.

मध्याचा किरण सरळ परत येतो, शून्य अंश. पन्नास पैशांवरचा अठ्ठावीस अंशांवर. सत्तरवरचा अडतीसवर. ऐंशीवरचा सव्वाएकेचाळीसवर. शहाऐंशीवरचा बेचाळीसवर. कोन वाढत वाढत इथवर आला. आता नव्वद पैशांवरचा किरण घ्या. तो त्रेचाळीसवर जाईल असे वाटेल, पण तो साडेएकेचाळीसवर परत फिरतो. पंचाण्णववरचा अडतीसवर आणि अगदी कडेचा चौदावर. म्हणजे कोन बेचाळीसपर्यंत चढतो आणि तिथून उतरतो. त्याच्या पलीकडे एकदा परावर्तित झालेला कोणताही किरण जात नाही. शिखराच्या आसपास, ऐंशी ते नव्वद पैशांच्या दरम्यानचे सगळे किरण एकाच अंशाच्या आत दाटीवाटीने बाहेर पडतात. तिथे उजेड साचतो. ती कडा म्हणजे आपले नेहमीचे धनुष्य. दोन ठिपके म्हणजे चढतीचा किरण आणि उतरतीचा किरण. शिखरावर ते एक होतात आणि शिखरापुढे काहीच नसते, म्हणून विझतात.

आणि आतला उजेड? तो बाकीच्या सगळ्या किरणांचा. कडेच्या आत प्रत्येक कोनात सगळ्याच रंगांचे किरण येतात, म्हणून तिथले आकाश पांढरट दिसते. रंग फक्त कडेला सुटे होतात, कारण प्रत्येक रंगाची कडा जरा वेगळ्या जागी आहे. तांबड्याची कडा ४२.४ अंशांवर, जांभळ्याची ४०.७ वर. जांभळा आधी संपतो, तांबडा शेवटपर्यंत टिकतो. म्हणून धनुष्याचा तांबडा सर्वांत निर्भेळ दिसतो आणि जांभळा नेहमी आतल्या पांढऱ्यात विरलेला.

आता दोनदा परावर्तित होणाऱ्या किरणांकडे या. त्याच पैशांच्या हिशेबाने मध्याचा किरण १८० अंशांवर, म्हणजे सूर्यापासून दूर सरळ पुढे निघून जातो. पन्नासवरचा १०८ वर, सत्तरवरचा ७९ वर, ऐंशीवरचा ६५ वर, नव्वदवरचा साडेत्रेपन्नवर. कोन उतरत उतरत पंचाण्णव पैशांना एकावन्नवर येतो. मग अठ्ठ्याण्णववरचा पुन्हा त्रेपन्नवर चढतो आणि कडेचा अडुसष्टवर. म्हणजे यांना तळ आहे. एकावन्नच्या खाली दोनदा परावर्तित झालेला एकही किरण येत नाही.

पहिल्या कुळातले किरण बेचाळीसच्या वर जात नाहीत, दुसऱ्या कुळातले एकावन्नच्या खाली येत नाहीत. मधली सुमारे आठ-नऊ अंशांची जागा, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा किंचित कमी, दोघांनीही सोडलेली. तिथल्या थेंबांवर ऊन तेवढेच पडते, पण त्यांचा उजेड आपल्या डोळ्यांकडे येत नाही. बरेच दूर सरकून पाहिले तर ज्या थेंबांचा काळा पट्टा होता त्यांतूनच आपल्याला धनुष्य दिसेल, आणि जे रंगीत होते ते काळे होतील. तो काळोख ढगात नाही, आपल्या उभे राहण्याच्या जागेशी बांधलेल्या दिशेत आहे. त्या मुलीला मला हे सांगायचे होते.

या पट्ट्याला जगभर अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात. अलेक्झांडर म्हणजे सिकंदर नव्हे. इसवी सन २०० च्या सुमाराला होऊन गेलेला अफ्रोडिसियसचा अलेक्झांडर, ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांचा भाष्यकार. त्याने विचारले ते असे : दोन्ही धनुष्यांच्या तांबड्या कडा एकमेकींकडे तोंड करून आहेत. ज्या तांबड्याला उजळ म्हणता तो दोन्ही बाजूंनी असताना मधली जागा सर्वांत काळी कशी? प्रश्न अचूक होता. उत्तराला हजार वर्षांहून जास्त काळ लागला.

आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत इंद्रधनुष्यावर एक अख्खा अध्याय आहे. दुहेरी उगवलेले धनुष्य शुभ आणि पाऊस देणारे, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे दुसरे धनुष्य पाहिले गेले होते, त्याची नोंद झाली होती. मधल्या पट्ट्याबद्दल मात्र तिथे काही आढळत नाही.

थेंबाऐवजी पाण्याने भरलेला काचेचा गोल घ्यावा ही युक्ती दोन माणसांना जवळजवळ एकाच वेळी सुचली, आणि त्या दोघांना एकमेकांची काहीही खबर नव्हती. इराणात कमालुद्दीन अल-फारिसी आणि जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक. काळ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा. आपल्या देवगिरीवर तेव्हा रामदेवराय यादव होते आणि ज्ञानेश्वरी लिहून होऊन फार वर्षे झाली नव्हती. दोघांनीही ओळखले की पहिल्या धनुष्याला आत एक परावर्तन लागते आणि दुसऱ्याला दोन. बेचाळीसच का, हे मात्र दोघांनाही सांगता आले नाही, कारण किरण पाण्यात नेमका किती वाकतो याचा नियम त्यांच्या हाती नव्हता. तो नियम हाती आल्यावर १६३७ मध्ये देकार्तने त्रिज्येचे १०,००० भाग केले आणि एकेक किरण हाताने मोजला. मी आत्ता तुमच्यापुढे रुपयात केला तो हिशेब मुळात त्याचा. त्याच्या कोष्टकातही कोन वाढत जाऊन परत फिरतो, आणि तिथेच त्याला धनुष्य सापडले. रंगांचा हिशेब पुढे न्यूटनने पुरा केला.

आता रंग उलटे का, याकडे येते. चंबूने उत्तर अर्धे दिलेच आहे : दोन्ही ठिकाणी कडेशी टिकून राहतो तो तांबडाच. पहिल्यात तो शेवटी विझतो, दुसऱ्यात तो आधी पेटतो. पण का, ते मला जालना रोडवर उलगडले.

क्रांती चौकातून चिकलठाण्याकडे निघालेली रिक्षा घ्या. तिला यू-टर्न घेऊन परत यायचे आहे. पूर्ण यू-टर्न म्हणजे १८० अंश. सूर्यकिरणाने थेंबात शिरून पूर्ण यू-टर्न घेतला तर तो आला तसा सूर्याकडे परत जातो. पहिल्या धनुष्याचा किरण इतका वळत नाही. तांबडा १३७.६ अंश वळतो, जांभळा थोडा जास्त, १३९.३. दोघेही यू-टर्नच्या अलीकडे थांबतात. जांभळा जास्त वळला म्हणजे यू-टर्नच्या जास्त जवळ गेला, म्हणजेच आपल्या डोक्याच्या सावलीच्या जवळ, म्हणून तो आतल्या बाजूला.

दुसऱ्या धनुष्यात किरण आत एकदा जास्त आपटतो, म्हणून जास्त फिरतो. तांबडा २३०.३ अंश, जांभळा २३३.५. दोघेही यू-टर्न ओलांडून पुढे गेलेले. नियम तोच आहे, जांभळा जास्त वळतो, तांबडा कमी. पण आता जास्त वळणे म्हणजे यू-टर्नपासून जास्त लांब जाणे. म्हणून जांभळा बाहेर आणि तांबडा आत. रंगांचा क्रम उलटत नाही, आपण मोजतो ती बाजू बदलते. पाण्याच्या थेंबाच्या दृष्टीने दोन्ही वेळा ता-ना-पि-हि-नि-पा-जाच आहे. आपण खालून वर वाचत गेलो तर पहिल्यात जांभळा आधी येतो आणि दुसऱ्यात तांबडा, एवढेच.

थेंबाच्या आत याचे चित्र असे : पहिल्या धनुष्याचा किरण थेंबाच्या वरच्या भागात शिरतो आणि खालच्या भागातून आपल्याकडे उतरतो. दुसऱ्याचा खालच्या भागात शिरतो, आत गोल फिरतो आणि वरच्या भागातून खाली येतो. चंबूवर तांबडा ठिपका खालच्या भागात विझला आणि वरच्या भागात पेटला तो यामुळेच. प्रतिबिंब असते तर खालच्या धनुष्यातलाच उजेड वर दिसायला हवा होता. प्रत्यक्षात वरच्या धनुष्याचा उजेड वेगळ्या थेंबांतून, वेगळ्या वाटेने आलेला आहे. दोन्ही धनुष्ये आपापली, एकमेकांच्या आधाराने उभी नाहीत.

तिसरा प्रश्न, फिकटपणाचा. इथे मला एक गैरसमज दूर करायचा आहे, कारण तो काही पुस्तकांत छापलेला आढळतो : थेंबात ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ होते. ते होत नाही, आणि होऊ शकत नाही. पाण्यातून हवेकडे जाताना पूर्ण परावर्तन व्हायला किरण पाण्याच्या भिंतीला ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरका लागला पाहिजे. पण हवेतून पाण्यात शिरलेला किरण आत नेहमी त्यापेक्षा कमीच कोनात असतो. थेंब गोल असल्यामुळे तो शिरताना आत जो कोन करतो, तोच कोन प्रत्येक भिंतीवर करतो. जो किरण थेंबात शिरू शकला, त्याला प्रत्येक भिंतीतून बाहेर पडता येते. आणि तो बहुतांशी बाहेर पडतोच. धनुष्याच्या वाट्याला येतो तो उरलासुरला उजेड.

किती उरतो? पहिल्या धनुष्याच्या वाटेवर शंभर भाग उजेड थेंबावर पडला, तर सहाएक भाग बाहेरच्या पृष्ठभागावरूनच उडतात आणि चौऱ्याण्णव आत जातात. मागच्या भिंतीतून जवळजवळ सगळा पलीकडे निसटतो. परत फिरतात फक्त पाच. त्यातले साडेचारच्या आसपास बाहेर येतात. शंभरातले साडेचार. हेच ते ठळक धनुष्य, ज्याच्यासाठी आपण गाडी थांबवतो.

दुसऱ्या वाटेवर किरण थेंबाला जास्त तिरका घासून येतो, त्यामुळे सुरुवातीलाच सोळाएक भाग बाहेर उडतात आणि चौऱ्याऐंशी आत जातात. पहिल्या भिंतीवर एक गंमत होते. तिरकेपणामुळे इथे परावर्तन जास्त असते, त्यामुळे बारा भाग टिकतात. दुसऱ्या भिंतीवर बाराचे अडीच होतात. बाहेर येतात सुमारे दोन. म्हणजे एक परावर्तन जास्त म्हणून उजेड वीसपटीने घटतो असे नाही, तिरकेपणाने तो थोडा सावरला जातो. तरीही साडेचाराच्या जागी दोन, निम्म्याहून कमी.

एवढ्यावर भागत नाही. तो निम्म्याहून कमी उजेड मोठ्या जागेत पसरायचा असतो. पहिल्या धनुष्याची रुंदी, सूर्याचे स्वतःचे अर्धा अंश बिंब धरून, सव्वादोन अंशांच्या घरात. दुसऱ्याची पावणेचार. वर त्याचा घेरही मोठा. दुधात जास्त पाणी घालून ते मोठ्या पातेल्यात ओतावे तसे होते. शिवाय पंचाण्णव पैशांच्या आसपास किरणांची दाटी शहाऐंशीच्या आसपास असते तेवढी घट्ट नसते. सगळे मिळून दुसऱ्या धनुष्याचा कोणताही एक तुकडा पहिल्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या पाचव्या हिश्शाएवढा, किंबहुना त्याहूनही मंद उजळतो. म्हणूनच मागे उजळ ढग असला तर पहिले दिसते आणि दुसरे दिसत नाही. ते असतेच, मागच्या उजेडात हरवलेले असते. दुसरे पाहायचे तर मागे काळाभोर ढग हवा. सरांनी घोंगडी लावली होती ती यासाठी.

ज्यांना घरी पाहायचे आहे त्यांनी बागेचा पाइप घ्यावा, सकाळी आठ-नऊला किंवा संध्याकाळी चारनंतर. तोंडावर अंगठा दाबून फवारा करा, पण फार बारीक नको. धुक्यासारखे तुषार झाले की प्रत्येक रंगाची कडा बोथट होते, रंग एकमेकांवर चढतात आणि धनुष्य पांढरट होते. टपटपीत थेंब हवेत. समोर सावलीतली भिंत किंवा झाडी ठेवा. आधी पहिले धनुष्य धरा, मग त्याच्या बाहेर मूठभर अंतर सोडून नजर स्थिर करा. आणि काचेची गोटी वापरू नका. काच पाण्यापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळे गोटीचे पहिले धनुष्य तेवीस अंशांच्या आसपास येते आणि दुसरे कुठल्या कुठे जाते. माझ्या एका विद्यार्थ्याने गोट्यांवर मोजून मला आणून दाखवले होते, ‘बाई, पुस्तक चुकलंय.’ पुस्तक चुकले नव्हते. त्याचे माप मात्र बरोबर होते, याचा मला फार अभिमान वाटला.

तो पट्टा अगदी काळा असतो का? नाही. थेंबांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून उडणारा उजेड तिथे येतोच, चंबूवर ती तिरीप होती तशी. मधल्या हवेचाही थोडा उजेड असतो. शिवाय थेंबात तीनदा, चारदा, पाचदा आपटलेले किरणही असतात. तिसरे आणि चौथे धनुष्य सूर्याच्याच बाजूला, त्याच्याभोवती पडते, म्हणून डोळ्यांना जवळजवळ कधीच दिसत नाही. पण पाचव्याचा काही भाग याच काळ्या पट्ट्यात पडतो, दुसऱ्या धनुष्याच्या बाजूला. हॅराल्ड एडन्स यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत काढलेल्या छायाचित्रांतून त्यातला हिरवट अंश वेगळा काढून दाखवला. दोन कुळांनी सोडलेल्या जागेत तिसऱ्याच कोणाचा हलका पाय पडलेला.

आता एक गोष्ट आपल्या शहरापुरती. धनुष्य उलट्या दिशेपासून बेचाळीस अंशांवर असते आणि सूर्य जितका वर तितकी ती उलटी दिशा जमिनीखाली जाते. म्हणून सूर्य क्षितिजापासून बेचाळीस अंशांहून वर असला तर सपाट जमिनीवरून पहिले धनुष्य दिसत नाही. दुसऱ्याला मात्र एकावन्नपर्यंत मुभा आहे. म्हणजे काही वेळ असा येतो की दुसरेच दिसू शकते, पहिले क्षितिजाखाली असते. आपल्याकडे १५ ऑगस्टच्या आसपास मी हा वेळ काढला. आपल्या रेखांशावर त्या दिवसांत सूर्य बरोबर डोक्याच्या रेषेवर येतो तो १२ वाजून ३३ मिनिटांनी. दुपारी सव्वातीनच्या सुमाराला तो एकावन्न अंशांवर उतरतो आणि चारला सात-आठ मिनिटे कमी असताना बेचाळीसवर.

त्या चाळीसेक मिनिटांत, पश्चिमेला ऊन असेल आणि पूर्वेला चिकलठाण्याच्या पलीकडे काळी सर उतरत असेल, तर अगदी क्षितिजाला चिकटून एक बसकी, फिकट कमान दिसू शकते. साडेतीनला तिची उंची क्षितिजापासून तीन ते सहा अंश असेल, म्हणजे हात लांब केल्यावर दोन-तीन बोटांएवढी. तिच्या खाली पाहण्यासाठी उंचावर जावे लागेल. देवगिरीच्या माथ्यावरून खाली दरीत पाऊस असेल, तर क्षितिजाखालचे पहिले धनुष्यही त्या थेंबांत सापडेल. पण घराच्या गच्चीवरून ती एकटीच दिसेल. लोक म्हणतील, आज धनुष्य फार पुसट आहे. तुम्ही तिचा खालचा काठ पाहा. तो जांभळा नसेल, तांबडा असेल.